शंभर टक्के ऑक्सिजन, तरीही ८६

"ऑक्सिजन आणखी वाढवा ना, डॉक्टर."

पावसाळ्यात पुण्यात फ्लूची लाट आली की आयसीयूच्या दारात हे वाक्य हमखास कानावर पडतं. त्या रात्री ते रुग्णाच्या थोरल्या भावानं म्हटलं. आत मॉनिटरवर रक्तातल्या ऑक्सिजनची पातळी ८६ टक्के दिसत होती आणि नाकातल्या जाड नळीतून मिनिटाला ५० लिटर शुद्ध ऑक्सिजन चालू होता. "दादा, वाढवायला शिल्लकच नाही. शंभर टक्के देतोय," मी म्हटलं. त्यांचा विश्वास बसला नाही, आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती. आग लागली की पाणी जास्त ओतायचं, श्वास कमी पडला की ऑक्सिजन जास्त द्यायचा, असंच कुणालाही वाटेल.

रुग्ण मार्केट यार्डात हिशेब लिहिणारा, ४१ वर्षांचा, उंची १६८ सेंटिमीटर, वजन ९२ किलो. (हा कुणी एकच माणूस नाही. ओळख पटू नये म्हणून दोन-तीन रुग्णांचे तपशील मी एकत्र केले आहेत.) ताप आणि कोरडा खोकला चार दिवस. तापाच्या गोळ्या घेऊन तो कामावर जातच होता. पाचव्या दिवशी घराचा जिना चढताना पहिल्याच मजल्यावर बसला. रुग्णालयात आला तेव्हा ऑक्सिजनची पातळी ८२ होती आणि एक्स-रेमध्ये दोन्ही फुप्फुसांवर कापूस पसरल्यासारखे पांढरे डाग होते. घशाच्या स्वॅबमध्ये एच१एन१ निघाला. २००९ मध्ये ज्यानं पुण्याला तोंडाला रुमाल बांधायला लावला, ज्याचा देशातला पहिला बळी ३ ऑगस्ट २००९ रोजी पुण्यातच गेला, तोच हा 'स्वाइन फ्लू'. आता तो दरवर्षी येणाऱ्या फ्लूंपैकी एक झाला आहे. बहुतेकांना चार-आठ दिवस आडवं करतो आणि निघून जातो. गरोदर बाया, मधुमेही, लठ्ठ माणसं, आधीच फुप्फुसांचा किंवा हृदयाचा आजार असलेले, यांच्यात तो खाली उतरण्याची भीती जास्त असते.

खाली म्हणजे कुठे? एरवी फ्लूचा विषाणू नाक, घसा आणि मोठ्या श्वासनळ्यांतच धिंगाणा घालतो. न्यूमोनियात तो वायुकोशांपर्यंत पोहोचतो. श्वासनळ्यांच्या टोकांशी असलेले हे हवेचे बारीक फुगे दोन्ही फुप्फुसांत मिळून कोट्यवधी असतात. फुग्याच्या एका बाजूला हवा आणि दुसऱ्या बाजूला रक्त असतं. मधली भिंत इतकी पातळ, की कागद तिच्यापुढे जाडजूड वाटावा. ऑक्सिजन तिच्यातून आपसूक रक्तात झिरपतो.

या भिंतीत काही पेशी साबणासारखा एक पदार्थ बनवतात. त्याच्यामुळे श्वास सोडल्यावर फुगा आतून चिकटून बसत नाही. विषाणू नेमका या पेशींतही वाढतो आणि त्यांना मारतो. साबण संपतो, फुगे मिटतात. त्यात आपलीच प्रतिकारशक्ती धावून येते, सूज येते आणि शेजारच्या केशवाहिन्या गळू लागतात. प्रथिनांनी भरलेलं पाणी वायुकोशात साचतं. याला आम्ही एआरडीएस म्हणतो. हृदय कमकुवत झाल्यावरही फुप्फुसात पाणी होतं, पण ते वेगळं. तिथे पंप बिघडलेला असतो, इथे पाइपच गळका झालेला असतो.

आता भावाच्या प्रश्नाकडे. समजा, फुप्फुसांतून जाणाऱ्या रक्ताचे दहा भाग केले. सहा भाग चांगल्या वायुकोशांजवळून जातात आणि पूर्ण भरून, म्हणजे १०० टक्के ऑक्सिजन घेऊन निघतात. उरलेले चार भाग पाण्यानं भरलेल्या वायुकोशांजवळून जातात. तिथे ऑक्सिजन पोहोचतच नाही, त्यामुळे शरीरातून आलेलं रक्त जसंच्या तसं पुढे जातं, समजा ६५ टक्क्यांवर. पुढे दोन्ही रक्तं एकत्र मिसळतात. सहा भागांचे ६० आणि चार भागांचे २६, बेरीज ८६.

ऑक्सिजन वाढवून काय होईल? चांगल्या वायुकोशांजवळचं रक्त आधीच काठोकाठ भरलंय, त्यात आणखी जवळजवळ काही मावत नाही. बुडालेल्या वायुकोशांपर्यंत तो जातच नाही. निरोगी फुप्फुस अशा वेळी एक हुशारी करतं. ज्या भागात हवा नाही, तिथल्या रक्तवाहिन्या ते आवळून घेतं आणि रक्त चांगल्या भागाकडे वळवतं. सूज आलेल्या फुप्फुसाला ही हुशारी नीट जमत नाही. म्हणून उपाय एकच उरतो, बुडालेले वायुकोश पुन्हा उघडणं.

भरती झाल्याझाल्या, स्वॅबच्या रिपोर्टची वाट न पाहता, ओसेल्टामिव्हिर सुरू केलं होतं. ७५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. विषाणू पेशीत तयार झाल्यावर बाहेर पडायला ज्या एन्झाइमचा वापर करतो, ते हे औषध अडवतं. पहिल्या ४८ तासांत दिलं तर त्याचा सर्वाधिक उपयोग होतो. पाचव्या दिवशीही गंभीर रुग्णाला आम्ही ते देतोच, पण फाटलेली भिंत शिवणं हे त्याचं काम नाही. भावानं स्टेरॉइडबद्दलही विचारलं. करोनात ऑक्सिजनवरच्या रुग्णांना डेक्सामेथासोनचा फायदा झाला, हे २०२० मध्ये नीट सिद्ध झालं. फ्लूच्या न्यूमोनियात तसा भक्कम पुरावा नाही, उलट नुकसानाची शंका घेणारी निरीक्षणं आहेत, त्यामुळे केवळ फ्लू आहे म्हणून मी ते देत नाही.

रात्री दोन वाजता रेसिडेंट डॉक्टर रक्तवायूंचा रिपोर्ट घेऊन आला. "सर, कार्बन डायऑक्साइड नॉर्मल आलाय, ४२." संध्याकाळी तो ३० होता. मी रुग्णाकडे पाहिलं. मिनिटाला ३८ श्वास, मानेचे स्नायू दोरीसारखे ताणलेले, एका दमात दोनच शब्द बोलता येत होते. इतक्या जोरात धापा टाकणाऱ्या माणसाचा कार्बन डायऑक्साइड कमीच असायला हवा, कारण तो भराभर बाहेर फेकला जातो. तो 'नॉर्मल'वर आला याचा अर्थ माणूस थकत चालला आहे. त्या कागदावरचा सगळ्यात वाईट आकडा तोच होता. आम्ही नळी घालून त्याला व्हेंटिलेटरवर घेतलं.

व्हेंटिलेटरबद्दल लोकांच्या मनात दोन टोकं असतात. काहींना वाटतं मशीन लावलं म्हणजे संपलं, काहींना वाटतं मशीन बरं करेल. मशीन बरं करत नाही. फुप्फुस स्वतःच बरं होतं, तोपर्यंत ते माणसाला धरून ठेवतं. आणि ते चुकीचं चालवलं तर उरलंसुरलं फुप्फुसही फाडतं.

बुडालेला भाग वगळला तर आमच्या रुग्णाकडे हवा घेणारं फुप्फुस एखाद्या लहान मुलाएवढंच उरलं होतं. त्यात मोठ्या माणसाचा श्वास कोंबला तर ते ताणून जखमी होतं. म्हणून श्वास छोटा द्यायचा, आणि तो वजनावरून नाही तर उंचीवरून ठरवायचा. माणूस जाड झाला म्हणून त्याची फुप्फुसं वाढत नाहीत. १६८ सेंटिमीटरच्या पुरुषासाठी हिशेबाचं वजन येतं साधारण ६४ किलो, आणि किलोमागे ६ मिलिलिटर धरले तर एक श्वास ३८५ मिलिलिटरचा. त्याच्या खऱ्या ९२ किलोवर, जुन्या पद्धतीनं किलोमागे १२ मिलिलिटर धरले असते तर ११०० झाले असते, जवळजवळ तिप्पट. २००० साली अमेरिकेत एका मोठ्या चाचणीत किलोमागे १२ आणि ६ मिलिलिटर यांची तुलना झाली तेव्हा मृत्यूचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर आलं होतं. नवं औषध नाही, नवं मशीन नाही. फक्त एक बटण थोडं खाली.

श्वास सोडल्यानंतरही थोडा दाब आत ठेवायचा, म्हणजे उघडलेले फुगे पुन्हा मिटत नाहीत. त्याला पीप म्हणतात. दाब फार झाला तर चांगले वायुकोश ताणले जातात आणि हृदयाकडे परतणारं रक्तही अडतं, रक्तदाब घसरतो. आणि सलाईन हात राखून. "सलाईन तरी लावा" हा आपल्याकडचा लाडका आग्रह, पण गळक्या पाइपात जास्त पाणी सोडलं तर ते फुप्फुसातच उतरणार.

इतकं करूनही सकाळी शंभर टक्क्यांवर त्याच्या धमनीतला ऑक्सिजनचा दाब ७२ होता. निरोगी माणसाला तेवढ्यावर ५०० च्या वर मिळतो. १०० च्या खाली म्हणजे गंभीर एआरडीएस. मग आम्ही त्याला पालथं केलं.

हे काम पाहण्यासारखं असतं. पाच-सहा माणसं लागतात. एक डॉक्टर फक्त डोकं आणि नळी धरतो आणि आकडे मोजतो, कारण त्या क्षणी नळी निसटली तर काही मिनिटांचाच खेळ. सिस्टर, वॉर्डातले मामा, फिजिओथेरपिस्ट चादरीसकट त्याला आधी कडेला सरकवतात, मग कुशीवर, मग पोटावर. गालाखाली, छातीखाली मऊ आधार, मान एका बाजूला, आणि काही तासांनी दुसऱ्या. हे १६ तास. चेहरा इतका सुजतो की नंतर बायकोला आत सोडण्याआधी सांगून ठेवावं लागतं.

फायदा का होतो? माणूस उताणा असला की सुजलेल्या फुप्फुसाचं आणि हृदयाचं ओझं पाठीकडच्या भागावर पडतं. फुप्फुसाचा मोठा हिस्सा आणि बरंचसं रक्त तिथेच असतं. पालथं केलं की तो भाग ओझ्याखालून सुटतो आणि उघडतो. आपल्या बेरजेत सांगायचं तर चाराचे तीन किंवा दोन भाग होतात. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्रेंच चाचणीत लवकर आणि दीर्घकाळ पालथं ठेवल्यानं २८ दिवसांतले मृत्यू सुमारे ३३ टक्क्यांवरून १६ वर आले. आमच्या रुग्णाला दुपारपर्यंत ७० टक्के ऑक्सिजन पुरू लागला.

तो सुधारला नसता तर एक्मो उरलं असतं. रक्त शरीराबाहेर काढायचं, कृत्रिम पडद्यातून ऑक्सिजन देऊन परत सोडायचं. पुण्यात ते मोजक्या ठिकाणी होतं, खर्च लाखांत जातो, रक्तस्राव आणि जंतुसंसर्गाची टांगती तलवार असते, आणि उशीर झाला तर उपयोग नसतो. हा निर्णय व्हेंटिलेटरच्या पहिल्या काही दिवसांतच घ्यावा लागतो. सगळं नीट करूनही गंभीर एआरडीएसमध्ये दहातले चार-पाच रुग्ण जातात. बाहेर बसलेल्या माणसांना हे पहिल्याच दिवशी सांगावं, असं माझं मत आहे.

सहाव्या दिवशी त्याला पुन्हा ताप चढला, नळीतून पिवळा घट्ट कफ आला, ऑक्सिजनची गरज वाढली. विषाणूनं उघड्या केलेल्या श्वासमार्गात आता जिवाणू शिरले होते. अँटिबायोटिक बदललं. फ्लूच्या आजाराचं हे ओळखीचं वळण आहे आणि घरीही ते दिसतं. ताप उतरतो, दोन दिवस बरं वाटतं, आणि पुन्हा थंडी वाजून ताप येतो. तेव्हा थांबू नये.

अकराव्या दिवशी अर्धा तास मशीनचा आधार अगदी कमी करून पाहिला. श्वास २२, चेहरा शांत. नळी काढली. पहिले दोन दिवस त्याला खात्री होती की तो रेल्वेच्या डब्यात आहे आणि आम्ही सगळे तिकीट तपासनीस. भूल, ताप आणि झोपमोड यांनी असं होतं. चमचा धरायची ताकद हातात नव्हती.

दीड महिन्यानं तो भावाबरोबर ओपीडीत आला, आवाज अजून घोगरा. बोटावर क्लिप लावली, ९७. सहा मिनिटं व्हरांड्यात चालवलं, ९१ झाली. भाऊ क्लिपकडे बघत म्हणाला, "आता ऑक्सिजन लागेल का?" मी म्हटलं, नाही, दोन मिनिटं बसू दे. बसला. ९६.