एक्सआयआरआर

एक्सआयआरआर हे स्प्रेडशीटमधील एक फंक्शन आहे. वेगवेगळ्या तारखांना भरलेल्या आणि काढलेल्या रकमांवरून गुंतवणुकीचा चक्रवाढ वार्षिक परतावा त्यातून मिळतो. आयआरआर हे जुने फंक्शन दोन रकमांमधले अंतर सारखेच आहे असे धरून चालते. एक्सआयआरआर मात्र प्रत्येक रकमेची तारीख पाहते, पहिल्या तारखेपासूनचे दिवस मोजते आणि त्यांना ३६५ ने भागते. लीप वर्ष आले तरी भाजक ३६५ च राहतो.

समजा, १ जानेवारी २०२१ रोजी १,००,००० भरले. १ जुलै २०२२ रोजी आणखी ६०,००० भरले आणि १ एप्रिल २०२३ रोजी ३०,००० काढले. १ जानेवारी २०२४ रोजी खात्यातील गुंतवणुकीचे मूल्य १,७०,११५ आहे. एकूण भरले १,६०,०००, हाती आलेले आणि खात्यात असलेले मिळून झाले २,००,११५. म्हणजे वाढ २५ टक्के. तिला तीन वर्षांनी भागले की साधारण ८.४ टक्के येतात. हा हिशेब चुकीचा आहे, कारण ६०,००० तिन्ही वर्षे गुंतलेले नव्हते आणि ३०,००० शेवटचे नऊ महिने खात्यात नव्हतेच.

शीटमध्ये A स्तंभात तारखा आणि B मध्ये रकमा लिहाव्यात. खिशातून गेलेली रक्कम उणे, खिशात आलेली अधिक. शेवटच्या ओळीत आजची तारीख आणि आजचे मूल्य अधिक चिन्हाने येते, जणू आज सगळे काढून घेतले.

```
2021-01-01   -100000
2022-07-01    -60000
2023-04-01     30000
2024-01-01    170115
```

या ओळी २ ते ५ क्रमांकांवर असतील, तर सूत्र असे:

```
=XIRR(B2:B5, A2:A5)
```

उत्तर ०.१०, म्हणजे १० टक्के. ते हाताने पडताळता येते. १० टक्के दराने १,००,००० चे तीन वर्षांत १,३३,१०० होतात. ६०,००० ना ५४९ दिवस मिळाले, त्यांचे सुमारे ६९,२४८ होतात. काढलेले ३०,००० आत राहिले असते तर उरलेल्या २७५ दिवसांत सुमारे ३२,२३३ झाले असते, म्हणून तेवढे वजा करायचे. बाकी १,७०,११५ उरते, नेमके खात्यातले मूल्य. हा मेळ बसवणारा दर शोधणे एवढेच फंक्शनचे काम. त्यासाठी थेट सूत्र नसल्याने ते एका अंदाजापासून सुरुवात करून दर पुन्हा पुन्हा सुधारत जाते. अंदाज दिला नाही, तर एक्सेल १० टक्क्यांपासून सुरू करते.

सर्वांत जास्त वेळा राहून जाते ती शेवटची ओळ. आजचे मूल्य लिहिले नाही, तर आतापर्यंत काढलेल्या पैशांवरच हिशेब होतो आणि उत्तर बहुधा मोठे उणे येते. सगळ्या रकमा एकाच चिन्हाच्या असतील तर #NUM! दिसते. एखादी तारीख पहिल्या ओळीतल्या तारखेच्या आधीची असेल, तरी एक्सेलमध्ये तीच चूक दिसते. बाकी ओळींचा क्रम मागेपुढे असला तरी चालतो. लाभांश हातात मिळाला असेल तर त्या तारखेला अधिक रक्कम लिहावी. तो पुन्हा गुंतला असेल तर वेगळी नोंद करू नये, कारण तो शेवटच्या मूल्यात आलेलाच असतो.

चूक दाखवणारा संदेश आला तर निदान कळते तरी. खरा धोका गुपचूप चुकणाऱ्या उत्तराचा. 01/07/2022 ही तारीख काही संगणकांवर १ जुलै, तर काहींवर ७ जानेवारी धरली जाते आणि फंक्शन तक्रार करत नाही. म्हणून महिना अक्षरांत दिसेल असे फॉरमॅट लावून तारखा एकदा वाचाव्यात. दुसरा सापळा एक्सेलमधला: कधी कधी दर सापडत नाही, तरीही 2.98E-09 असा आकडा येतो. टक्केवारीचे फॉरमॅट असेल तर तो ०.००% दिसतो आणि परतावा शून्य असल्याचा समज होतो. पहिली रक्कम शून्य असली की हे घडू शकते. ती ओळ काढून टाकावी. तोटा मोठा असेल, तर तिसऱ्या जागी उणे अंदाज देऊन पाहावा:

```
=XIRR(B2:B5, A2:A5, -0.2)
```

कालावधी वर्षापेक्षा कमी असेल तर हा आकडा जपून वाचावा. ३० दिवसांत २ टक्के वाढ झाली, तर फंक्शन सुमारे २७ टक्के दाखवते, कारण तीच गती वर्षभर टिकेल असे ते धरते. अशा वेळी साधी २ टक्के वाढ सांगणेच प्रामाणिकपणाचे. शिवाय, पैसे कधी भरले आणि कधी काढले याचा परिणाम या दरात मिसळलेला असतो. त्यामुळे एकाच योजनेत गुंतवणाऱ्या दोघांचे दर वेगळे येऊ शकतात, आणि त्यावरून योजनेची गुणवत्ता ठरवता येत नाही.