छतावरचं सोलर: वर्क कम्प्लिशन रिपोर्टवर सही करण्याआधी

पीएम सूर्यघर योजनेतून घरावर सोलर बसवलं की काम संपता संपता व्हेंडरचा माणूस एक दोन-तीन पानी कागद पुढे करतो आणि म्हणतो, "इथं आणि इथं सही करा, बाकीचं आम्ही भरतो." हा कागद म्हणजे वर्क कम्प्लिशन रिपोर्ट. पॅनेल कोणते, किती, इन्व्हर्टर किती क्षमतेचा, अर्थिंग कसं आलं, हे सगळं यात लिहिलेलं असतं. याच्याच आधारे महावितरण तपासणी करते, नेट मीटर लावते आणि प्रकल्प सुरू झाल्याचा शेरा पोर्टलवर चढवते. अनुदान त्यानंतर. कोऱ्या कागदावर सही करणं म्हणूनच टाळा. मागाहून एखादी नोंद चुकीची निघाली, तर त्याखाली तुमचीही सही असते.

पात्रता आणि कागद

अर्जदार भारतीय नागरिक हवा, घर स्वतःचं हवं, छत पॅनेल बसण्याजोगं हवं, घरगुती वीजजोडणी चालू हवी आणि सोलरसाठी आधी दुसरं अनुदान घेतलेलं नसावं. अट सोपी आहे. अडतं ते नावावर. वीजबिल अजून आजोबांच्या नावावर, घरपट्टी वडिलांच्या आणि बँक खातं मुलाचं, अशी घरं आपल्याकडे कमी नाहीत. अर्ज वीजबिलावरच्या नावानेच होतो, म्हणून नावबदल आधी महावितरणकडून करून घ्या. पॅनेल चढल्यावर हे काम काढलं, तर अनुदान तिथेच लटकतं.

रिपोर्टबरोबर साधारण हे कागद लागतात:

- ताजं वीजबिल आणि आधार
- व्हेंडर आणि ग्राहक यांच्यातला करार
- महावितरणबरोबरचा नेट मीटरिंग करार
- पॅनेल देशी बनावटीचे असल्याचं डीसीआर प्रमाणपत्र, सगळ्या सिरियल नंबरांसह
- परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट
- पॅनेलसह ग्राहकाचा, ठिकाणाची नोंद असलेला फोटो
- अनुदानासाठी रद्द केलेला चेक

डीसीआर म्हणजे पॅनेलही भारतात बनलेलं आणि त्यातले सेलही भारतातलेच. नुसती जोडणी इथे केलेलं पॅनेल बाजारात स्वस्त मिळतं, पण त्याला या योजनेत अनुदान नाही. पॅनेल छतावर चढण्याआधी, खाली अंगणात असतानाच प्रत्येकाच्या मागच्या स्टिकरचा फोटो घेऊन ठेवा आणि रिपोर्टमधल्या नंबरांशी जुळवा. एकदा स्ट्रक्चरवर घट्ट बसले की काही स्टिकर वाचता येत नाहीत.

क्षमतेचा रकाना

अनुदान पहिल्या 2 किलोवॅटला प्रत्येकी 30,000 रुपये आणि तिसऱ्या किलोवॅटला 18,000 रुपये. त्यापुढे कितीही मोठी सिस्टीम बसवली तरी एकूण 78,000 रुपयेच. पण हिशेबात पॅनेलची एकूण क्षमता आणि इन्व्हर्टरची क्षमता यांतली जी कमी, ती धरतात.

समजा 540 वॅटचे 6 पॅनेल आणि 3 किलोवॅटचा इन्व्हर्टर. पॅनेल 3.24 किलोवॅट होतात, इन्व्हर्टर 3, म्हणून 3 धरायचे. पूर्ण 78,000 मिळतात. व्हेंडरने जागा कमी पडते म्हणून 5 पॅनेल लावले आणि इन्व्हर्टर तोच ठेवला, तर क्षमता 2.7 किलोवॅट. 60,000 अधिक 0.7 चे 12,600, म्हणजे 72,600. कोटेशनमध्ये "3 किलोवॅट सिस्टीम" लिहिलेलं असतं, ते इन्व्हर्टरचं की पॅनेलचं हे त्याच वेळी विचारून घ्या.

अर्थिंगचं रीडिंग

सगळ्यात जास्त खोटेपणा इथे चालतो, असं माझं मत आहे. त्याचं एक कारण नमुन्यातच आहे. अर्थ रेझिस्टन्स 5 ओहमपेक्षा कमी आढळला, हे वाक्य त्यात आधीच छापलेलं असतं. साहजिकच वायरमन मीटर न काढताच 2.1, 2.3, 1.9 असे आकडे टाकून मोकळा होतो.

तीन वेगळी अर्थिंग हवीत: एक पॅनेल आणि स्ट्रक्चरचं, एक एसी बाजूचं आणि एक वीज पडण्यापासून बचाव करणाऱ्या लाइटनिंग अरेस्टरचं. तिन्हींचं रीडिंग वेगळं लिहायचं. मोजताना अर्थ टेस्टरबरोबर दोन लोखंडी खुंट्या जमिनीत ठोकतात. एक लांब, आणि दुसरी मधे, साधारण एकूण अंतराच्या 62 टक्क्यांवर. त्या वेळी अर्थपिटची पट्टी सिस्टीमपासून सोडवलेली असली पाहिजे. खुंट्या न ठोकता नुसता क्लॅम्प मीटर लावून आकडा सांगितला, तर एकट्या रॉडच्या बाबतीत त्यावर विसंबू नका. त्या मीटरला करंट फिरून यायला पूर्ण वाटच मिळत नाही.

कोकणात जांभ्यावर आणि घाटावर काळ्या कातळावर 5 च्या खाली येणं सोपं नसतं. धरा, पहिल्या पिटचं रीडिंग 8.4 आलं. अशा वेळी मीठ-पाणी ओतून आकडा तात्पुरता खाली आणता येतो, पण पुढच्या मे महिन्यात तो पुन्हा वर जातो. योग्य उपाय म्हणजे थोड्या अंतरावर दुसरा रॉड ठोकून पहिल्याला जोडणं. तसं केल्यावर रीडिंग निम्म्याच्या आसपास, समजा 4.6 वर, येतं. दोन्ही रॉड जवळजवळ ठोकले तर एवढा फरक पडत नाही. रिपोर्टमध्ये 4.6 लिहा आणि पिट दोन असल्याचंही लिहा. पावसाळ्यात मोजलेलं रीडिंग नेहमीच गोड येतं, म्हणून तारीखही हवी.

व्होल्टेज आणि इन्सुलेशन

या नोंदींना सरकारी नमुन्यात फारशी जागा नाही. व्हेंडरकडून वेगळी टेस्टिंग शीट मागा आणि रिपोर्टला जोडा. पुढे वॉरंटीचा वाद झाला, तर पहिल्या दिवशीचे हे आकडे कामी येतात.

540 वॅटच्या पॅनेलचं ओपन सर्किट व्होल्टेज स्टिकरवर साधारण 49.5 असतं. सहा ओळीत जोडले की 297 व्होल्ट. पण हा आकडा सेल 25 अंशांवर असतानाचा. आपल्या उन्हात सेल 55 अंशांपर्यंत सहज तापतो आणि दर अंशाला व्होल्टेज अंदाजे 0.27 टक्क्याने उतरतं. म्हणजे 30 अंशांत आठ टक्क्यांची घट. मीटरवर 273 च्या आसपास दिसलं, तर सगळं ठीक आहे. 297 नाही म्हणून घाबरायचं कारण नाही, आणि भर दुपारी नेमकं 297 लिहिलेलं असेल तर ते स्टिकरवरून उतरवलंय असं समजा.

257 दिसलं तर? एका पॅनेलमध्ये सेलचे तीन भाग असतात आणि प्रत्येकाला एक बायपास डायोड. एक भाग बाद झाला की सुमारे 15-16 व्होल्ट जातात. तेवढाच फरक दिसला, तर एखादा डायोड शॉर्ट झालाय असा संशय घ्यायचा आणि पॅनेल एकेक करून मोजायचे. 182 च्या घरात आलं, तर एक पॅनेल उलटं जोडलेलं आहे. स्वतःचे व्होल्ट तर गेलेच, वर दुसऱ्याचेही त्याने खाल्ले.

इन्सुलेशन टेस्टमध्ये वायर आणि स्ट्रक्चर यांच्यात गळती आहे का, ते पाहतात. या आकाराच्या सिस्टीमला मेगरने 500 व्होल्ट देतात आणि किमान 1 मेगाओहम यायला हवा. कोरड्या दुपारी त्याच्या कितीतरी पट येतो. दोन-तीनवर अडकत असेल, तर केबल कुठे पत्र्याच्या धारेला घासली आहे का, कनेक्टरमध्ये पाणी गेलंय का, ते आधी बघा. ही टेस्ट करताना इन्व्हर्टर सुटा केलेला हवा, नाहीतर नव्या इन्व्हर्टरचाच बळी जायचा.

चालू करून बघण्याच्या दोन गोष्टी

पहिली: सिस्टीम चालू असताना घराचा मेन बंद करायला सांगा. इन्व्हर्टर दोन सेकंदांच्या आत बंद पडलाच पाहिजे. खांबावर काम करणाऱ्या लाइनमनच्या जिवाचा हा प्रश्न आहे. मेन परत दिल्यावर इन्व्हर्टर लगेच सुरू होत नाही, लाइन स्थिर आहे हे बघत किमान मिनिटभर थांबतो. तो बिघाड नाही. इथेच ग्रिडचं व्होल्टेजही लिहून घ्या. दुपारी ते 253 च्या वर जात असेल, तर इन्व्हर्टर वारंवार ट्रिप होणार, आणि त्याची तक्रार व्हेंडरकडे नाही तर महावितरणकडे करायची असते.

दुसरी: उत्पादन. सुरू करताना परफॉर्मन्स रेशो किमान 75 टक्के असावा, अशी अपेक्षा आहे. उन्हाचं मीटर 800 वॅट प्रति चौरस मीटर दाखवत असेल, तर 3.24 किलोवॅटच्या पॅनेलकडून कागदोपत्री 2.59 किलोवॅट निघावेत. इन्व्हर्टरवर 2.1 दिसले तर 81 टक्के झाले, चांगलं. 1.9 च्या खाली असेल, तर धूळ, पाण्याच्या टाकीची सावली किंवा ढिला कनेक्टर शोधा. उन्हाचं रीडिंग न लिहिता नुसतं "2.1 किलोवॅट" लिहिलं, तर त्या नोंदीचा काही उपयोग नाही.

सह्या आणि पुढची मुदत

रिपोर्टवर व्हेंडरची सही-शिक्का आणि ग्राहकाची सही लागते. टेस्ट रिपोर्टवर परवानाधारक ठेकेदाराची, परवाना क्रमांकासह. पाच वर्षं विनामूल्य दुरुस्ती-देखभालीची व्हेंडरची हमी याच कागदांत असते, ती वाचून घ्या. मग हे सगळं pmsuryaghar.gov.in वरच्या तुमच्या अर्जात अपलोड होतं. बहुतेक वेळा व्हेंडरच करतो, तरी लॉगिन स्वतःकडे ठेवा.

2024 च्या सुधारित ग्राहक हक्क नियमांप्रमाणे सिस्टीम बसवल्याचं प्रमाणपत्र सादर केल्यापासून 15 दिवसांत वीज कंपनीने करार, मीटर आणि प्रकल्प चालू करणं हे सगळं उरकायचं असतं. मोजणी कागद दिल्याच्या तारखेपासून होते, म्हणून अपलोडची पावती किंवा स्क्रीनशॉट जपून ठेवा. महावितरणचा माणूस तपासणीला येईल तेव्हा घरी थांबा, आणि नेट मीटर बसवताना त्याचा नंबर आणि सुरुवातीची आयात-निर्यात दोन्ही रीडिंग्ज लिहून घ्या. पहिल्या बिलात घोळ झाला तर तो याच आकड्यांवरून सुटतो.

पोर्टलवर प्रकल्प चालू झाल्याचा अहवाल दिसला, की बँकेचा तपशील आणि रद्द चेक भरायचा. अनुदान साधारण 30 दिवसांत खात्यावर येतं. आलं नाही, तर आधी अर्जातलं, बिलातलं आणि पासबुकातलं नाव ताडून बघा, मग सिरियल नंबर. व्हेंडरशी भांडायला त्यानंतर जा.