सूचीत ‘दख्खन’ शोधा

माझी मावशी तीस वर्षं बँकेत होती. दहावीला भूगोलात तिला वर्गात सर्वांत जास्त गुण होते, हे ती अजूनही संधी मिळेल तेव्हा सांगते. निवृत्तीनंतर एकदा म्हणाली, “मला पृथ्वीबद्दलची चांगली पुस्तकं आणून दे. नकाशाची नकोत, ते मला येतं. हे सगळं असं का झालं, ते सांगणारी हवीत.”

मी तिला पुस्तकांची यादी दिली नाही, पुस्तक पारखायची एक युक्ती सांगितली. भूशास्त्राचं कुठलंही इंग्रजी पुस्तक हातात आलं की आधी मागची सूची उघडायची आणि त्यात ‘डेक्कन’ शोधायचं. त्या पानावर आपल्या खडकाचं वय किती दिलंय आणि तो तयार व्हायला किती काळ लागला असं म्हटलंय, एवढंच वाचायचं. पुस्तक कोणत्या काळातलं आहे आणि कितपत जपून वाचायचं, हे त्या दोन वाक्यांत कळतं. नाशिककराला ही सोय आहे, कारण तो खडक खिडकीतून दिसतो.

पांडवलेण्याच्या पायऱ्या चढताना किंवा रामशेजकडे जाताना डोंगराकडे नीट पाहिलं, तर तो एकसंध नाही हे लक्षात येतं. काळ्या बेसॉल्टच्या कातळाचा उभा कडा, मग झुडपांचा उतार, पुन्हा कडा, पुन्हा उतार. या पायऱ्यांवरूनच या खडकाला ‘ट्रॅप’ म्हणतात. पायरीसाठीच्या स्वीडिश शब्दावरून ते नाव पडलं. एकेक थर म्हणजे लाव्ह्याचा एकेक लोंढा. लोंढ्याचा मधला भाग सावकाश थंड होतो, घट्ट होतो आणि कडा म्हणून उभा राहतो. वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकतात. तो सच्छिद्र भाग लवकर झिजतो, त्याचा मुरूम होतो आणि तिथे उतार पडतो. पुढे त्या छिद्रांमधून पाणी झिरपतं आणि पांढरे, गुलाबी, हिरवट स्फटिक वाढतात. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात काचेमागे ठेवलेले झिओलाइट हेच. मुरमाच्या खाणीत असा पांढरा ठिपका असलेला दगड सापडला तर जपून ठेवा, पुढे तो लागणार आहे.

आता सूचीकडे येऊ. डी. एन. वाडिया यांचं भारताच्या भूशास्त्रावरचं पुस्तक १९१९ साली आलं आणि त्यावर विद्यार्थ्यांच्या पिढ्या शिकल्या. त्या काळात लाव्ह्याचं वय ठरवायला आधार होता तो दोन थरांमध्ये सापडणाऱ्या तळ्याच्या गाळातल्या जीवाश्मांचा. कुणी त्यावरून डायनोसॉरच्या काळाचा शेवट म्हणे, कुणी त्यानंतरचा काळ. पुढे किरणोत्सर्गी पोटॅशिअम वापरून वय मोजता येऊ लागलं, तेव्हा उत्तर पक्कं व्हायला हवं होतं. झालं उलटंच. वेगवेगळ्या नमुन्यांची वयं कोट्यवधी वर्षांनी वेगळी येत राहिली आणि हा लाव्हा फार दीर्घ काळ थांबत थांबत वाहत होता, असं वाटू लागलं.

चूक कुठे होती, ते त्या पांढऱ्या ठिपक्याने कळतं. या पद्धतीत पोटॅशिअमपासून हळूहळू तयार होणारा आर्गॉन वायू खडकात किती साठला, ते मोजतात. खडक पाण्याने बदलला असेल तर त्यातला आर्गॉन निसटतो आणि खडक आहे त्याहून तरुण दिसतो. उलट, थंड होताना आधीचाच आर्गॉन आत अडकला असेल तर तो उगाच म्हातारा दिसतो. झिओलाइटने भरलेला बेसॉल्ट म्हणजे पाण्याने बदलल्याची लेखी कबुलीच. तो संग्रहालयात शोभतो, वय मोजायला चालत नाही. १९८० च्या दशकात ताजे नमुने निवडून, आर्गॉनचीच पण जास्त सावध पद्धत वापरून पुन्हा मोजमाप झालं. खडकात गोठलेल्या चुंबकीय दिशाही तपासल्या. सह्याद्रीतल्या जाड थरांचा बहुतेक भाग, पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र उलटं असतानाच्या एकाच छोट्या कालखंडात बसतो, हे दिसलं. कोट्यवधी वर्षांचा पसारा आक्रसून दहा लाख वर्षांच्या आसपास आला. भूशास्त्रात ही घाईच म्हणायची.

म्हणून मावशीला सांगितलं, सूचीत ‘डेक्कन’ सापडला आणि पानावर लाव्हा कोट्यवधी वर्षं वाहत होता असं असेल, तर ते पुस्तक इतिहास म्हणून वाच.

यानंतरचा भाग मला सर्वांत आवडतो. कसारा घाटातून जाताना कापलेल्या दरडीत कधी कधी काळ्या दोन थरांमध्ये विटकरी लाल पट्टा दिसतो. एक लोंढा थंड झाल्यावर दुसरा यायच्या आत त्याच्या पाठीवर माती तयार झाली आणि नव्या लाव्ह्याने ती भाजली. म्हणजे तो पट्टा हा दोन उद्रेकांमधला विसावा. बेसॉल्टमध्ये झिरकॉन नावाचे कण सहसा मिळत नाहीत, पण अशा लाल थरांमध्ये दुसऱ्या प्रकारच्या ज्वालामुखीची राख पडलेली असते आणि तिच्यात ते सापडतात. झिरकॉन तयार होताना युरेनियम आत घेतो आणि शिशाला जवळपास थारा देत नाही. त्यामुळे पुढे आत सापडणारं शिसं युरेनियमपासूनच आलं, असं मानता येतं आणि ते मोजून वय निघतं. २०१५ साली या पद्धतीने काढलेलं उत्तर असं होतं: मुख्य उद्रेक डायनोसॉर संपण्याच्या सुमारे अडीच लाख वर्षं आधी सुरू झाला आणि साधारण साडेसात लाख वर्षांत ११ लाख घन किलोमीटरहून जास्त लाव्हा बाहेर आला.

इथे अशनी येतो. डायनोसॉर दख्खनच्या लाव्ह्याने संपले की आकाशातून आदळलेल्या अशनीने, असा हा खटला. १९८० मध्ये इटलीतल्या त्याच काळातल्या मातीच्या एका पातळ थरात इरिडियम हा अशनींमध्ये भरपूर असणारा धातू जास्त सापडल्याचं जाहीर झालं आणि मोठा अशनी आदळला असावा, ही कल्पना पुढे आली. १९९१ मध्ये मेक्सिकोतलं चिक्शुलुबचं विवर त्या आघाताशी जोडलं गेलं. या शोधातले एक शास्त्रज्ञ वॉल्टर अल्वारेझ यांचं ‘टी. रेक्स अँड द क्रेटर ऑफ डूम’ (१९९७) हे छोटं पुस्तक वाचायला सुरुवात केली की ठेववत नाही. पण तो एका बाजूच्या माणसाने सांगितलेला खटला आहे, हे ध्यानात ठेवावं. दुसऱ्या बाजूसाठी पीटर ब्रॅनन यांचं ‘द एंड्स ऑफ द वर्ल्ड’ (२०१७) घ्यावं. त्यात पाच मोठे विनाश आहेत आणि दख्खनच्या लाव्ह्याला दोषी धरणारेही भेटतात.

खटला अजून मिटलेला नाही. २०१९ साली दोन गटांनी एकाच वेळी आपापली मोजमापं छापली. झिरकॉनवाल्यांना उद्रेकाचे चार झटके दिसले आणि त्यातला एक मोठा झटका अशनीच्या जरा आधी सुरू झालेला दिसला. आर्गॉनवाल्यांना बहुतेक लाव्हा अशनीनंतर आलेला दिसला. दोघांचे खडक एकाच सह्याद्रीतले. नाशिककराने मात्र एक गोष्ट हसत ऐकावी. थरांच्या उतरंडीत इगतपुरी, कळसूबाईच्या बाजूचे थर खालचे, म्हणजे जुने. वरचे, तरुण थर दक्षिणेला महाबळेश्वरकडे. वाद चाललाय तो वरच्या थरांचा. आपल्या भागातले हे खालचे थर दोन्ही हिशेबांत अशनी पडायच्या आधीचे ठरतात.

मावशीने पुढचा प्रश्न बँकेच्या शिस्तीत विचारला: “एवढा लाव्हा आला कुठून? खाली खड्डा कसा पडला नाही?” याचं उत्तर समुद्रात आहे. आणि समुद्राच्या पुस्तकांमध्ये जुन्या-नव्याचा फरक सर्वांत ठळक दिसतो.

रेचल कार्सन यांचं ‘द सी अराउंड अस’ (१९५१) घ्या. समुद्रतळावर अखंड पडणाऱ्या गाळाला त्या हिमवर्षाव म्हणतात. ते प्रकरण मी दर दोन-तीन वर्षांनी वाचतो. पण पहिल्याच प्रकरणात चंद्र पॅसिफिकच्या जागेतून निसटून गेला, अशी त्या काळची कल्पना आहे. नंतर कळलं, की पॅसिफिकचा तळ अठरा-एकोणीस कोटी वर्षांहून जुना नाही आणि चंद्र साडेचार अब्ज वर्षांच्या आसपास. खड्डा चंद्रापेक्षा खूपच लहान वयाचा निघाला. दोष कार्सन यांचा नाही. समुद्रतळ सतत नवा तयार होतो आणि जुना खाली जातो, हे १९६० च्या दशकात पक्कं झालं. या तळाचा नकाशा काढणाऱ्या मारी थार्प यांना १९५२ मध्ये अटलांटिकच्या मधोमध दरी दिसली, तेव्हा त्यांच्या सहकाऱ्याने आधी ते ‘पोरींच्या गप्पा’ म्हणून उडवून लावलं. हॅली फेल्ट यांचं ‘साउंडिंग्ज’ (२०१२) थार्प यांच्यावर आहे. नकाशावेड्या माणसाने हे पहिल्यांदा घ्यावं, असं माझं मत.

आता मावशीचं उत्तर. शाळेचा ॲटलास उघडा. पश्चिम किनाऱ्यापासून खाली लक्षद्वीप, मालदीव, छागोस अशी बेटांची माळ जाते, मग मॉरिशस आणि रीयुनियन. १९८७ मध्ये जहाजावरून या माळेवर छिद्रं पाडून तळाचा बेसॉल्ट काढला, तेव्हा दक्षिणेकडे जावं तसं वय कमी होत गेलं. रीयुनियनवर तर ज्वालामुखी आजही धुमसतो. पृथ्वीच्या खोल भागातून वर येणारा उष्ण स्रोत साधारण जागच्या जागी राहिला आणि भारत त्याच्यावरून उत्तरेला सरकला. खाली खड्डा पडला नाही, कारण लाव्हा एखाद्या टाकीतून आला नाही. वर चढणाऱ्या तप्त खडकाचा थोडासा अंश वितळत गेला आणि तोच बाहेर आला.

मावशीने लगेच कागद ओढला. नाशिक ते रीयुनियन जवळजवळ ५,००० किलोमीटर, म्हणजे ५० कोटी सेंटिमीटर. दख्खनच्या लाव्ह्याला झालेली वर्षं ६.६ कोटी. भागाकार साडेसातच्या वर. “वर्षाला साडेसात सेंटिमीटर? चालत होता का धावत होता?”

सरासरीत वेगातला बदल दिसत नाही, म्हणून सांगितलं. आशियाला भिडायच्या आधी भारत याच्या साधारण दुप्पट वेगाने जात होता, नंतर मंदावला. आज वर्षाला पाचेक सेंटिमीटर. शिवाय स्रोतही अगदी जागीच खिळलेला नसतो, त्यामुळे या भागाकाराला पावतीसारखा पक्का मानू नये. भारताची ही सगळी कथा एका जागी हवी असेल, तर प्रणय लाल यांचं ‘इंडिका’ (२०१६) जाडजूड आहे, पण चित्रं भरपूर आहेत आणि दख्खनला त्यात नीट जागा दिली आहे.

मावशीने ‘साउंडिंग्ज’ आधी नेलं आणि कार्सन नंतर. कार्सन परत आलं तेव्हा पहिल्या प्रकरणाच्या समासात पेन्सिलने लिहिलेलं होतं: “चंद्र – जुना हिशेब.”