दोन सर, एकच माप, भाव वेगळा का?

गेल्या लग्नसराईत निपाणीहून एक वहिनी आल्या. हातात दुसऱ्या दुकानातला अकोया, म्हणजे समुद्रात वाढवलेल्या मोत्यांचा सर, ७ मिलिमीटरचा, २८ हजारांचा. आमच्याकडचा त्याच मापाचा ४६ हजारांना. "एवढा फरक कशाचा हो?" प्रश्न रास्त होता, म्हणून हे पत्रक.

अकोया मोत्याच्या पोटात शिंपल्याचाच घडवलेला गोल मणी असतो. त्यावर कालव चढवतं तो थर म्हणजे खरा मोती, आणि भावातला मोठा फरक तिथे लपतो. ७ मिलिमीटरच्या मोत्यावर ०.४ मिलिमीटर थर असेल तर आतला मणी ६.२ चा, थर ०.१५ च असेल तर ६.७ चा. वरून मापाला दोन्ही सारखेच. पातळ थर घाम आणि अत्तराने झिजतो, मग मणी उघडा पडतो.

वहिनींचा आणि आमचा, दोन्ही सर आम्ही खिडकीत नेले. दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली सगळेच मोती देखणे दिसतात, आमचेसुद्धा! उजेडात आमच्या मोत्यांत खिडकीच्या चौकटीची कड रेखीव उमटली, दुसऱ्यांत ती धूसर. या रेखीव चमकेलाच पाणी म्हणतात. मग दुसरा सर बोटांवर सावकाश फिरवला, तर काही मोती मध्येच उजळत आणि लगेच मंदावत होते. आतल्या मण्याचे पट्टे पातळ थरातून दिसले की असं होतं. शेवटी दहापट भिंगाने त्याचं वेज, म्हणजे दोरा ओवायचं भोक पाहिलं. कडेचा थर जेमतेम कागदाएवढा, एका ठिकाणी टवका उडालेला.

डागांचं फार मनावर घेऊ नका. वेजाजवळची खळी ओवल्यावर झाकली जाते. समोरच्या भागावरचा खड्डा किंवा चीर मात्र भावात कापून घ्या. आकारासाठी सर पांढऱ्या कापडावर हलकेच लोळवा: गोल मोती सरळ जातात, बेढब अडखळतात. जुळणी बघायची ती हुकाजवळ, कमअस्सल मोती तिथेच ओवतात. एकाच रंगाचे, पाण्याचे पन्नासेक मोती जमवायला ढीग निवडावे लागतात, त्याचेही पैसे सरात असतात.

गोड्या पाण्यातल्या मोत्यांना थराचा हिशेब लावू नका. बहुतेकांत मणी नसतोच, सगळा थरच. तिथे पाणी, आकार आणि जुळणी पाहा. आणि चिठ्ठीवरच्या 'एएए' दर्जाला एकच ठरलेलं माप नाही, प्रत्येक दुकानाचं आपलं असतं.

घट्ट गाठी मारलेल्या सरात वेज नीट दिसत नाही, थराची खात्री प्रयोगशाळेतल्या एक्स-रेने होते. म्हणून शक्य असेल तर गाठवण्याआधीच मोती बघून घ्या. वहिनींनी तसंच केलं, आणि आमचा सर न घेता गोड्या पाण्यातला, आणखी स्वस्त सर घेऊन गेल्या.