नारळाची वडी आणि दूध पावडरचा पेढा: मिश्रण कढई सोडण्याची खूण

ओल्या नारळाचा खव किंवा दुधाची पावडर साखरेबरोबर आटवून घरी जी वडी आणि जे पेढे करतात, त्यांत साहित्य मोजके आणि कृती छोटी असते. निर्णय एकच घ्यायचा असतो: गॅस कधी बंद करायचा. त्यासाठीची पारंपरिक खूण म्हणजे ‘मिश्रणाने कढई सोडणे’. कड सोडणे, गोळा होणे, कढईला न चिकटणे असेही म्हणतात. वडी आणि पेढा या दोन्हींसाठी शब्द तोच वापरला जात असला तरी कढईत घडणारी गोष्ट वेगवेगळी असते. पुष्कळ वड्या आणि पेढे इथेच बिघडतात.

महाराष्ट्रात ओल्या नारळाची वडी श्रावणी पौर्णिमेला, म्हणजे नारळी पौर्णिमेला, आणि पुढे गणपतीच्या दिवसांत हमखास होते. पेढा मूळचा खव्याचा. दूध पावडरचा पेढा ही त्याची घरगुती सोय आहे. दूध तास-दीड तास आटवण्याचे काम कारखान्यात आधीच झालेले असते, म्हणून तो पंधरा-वीस मिनिटांत होतो. सातारचा कंदी पेढा किंवा धारवाडचा पेढा यांची खमंग चव खवा भाजण्यातून येते. पावडरच्या पेढ्याकडून ती अपेक्षा ठेवू नये.

नारळाची वडी

एका मध्यम नारळाचा खव साधारण दोन वाट्या, म्हणजे सुमारे २०० ग्रॅम निघतो. खवताना करवंटीलगतची तपकिरी पाठ येऊ देऊ नये, नाहीतर वडीचा रंग मळकट होतो. या खवाला १५० ग्रॅम साखर, १०० मिलि दूध आणि दोन चमचे तूप पुरते. काही घरांत खव आणि साखर समसमान घेतात. ती वडी लवकर आणि खुटखुटीत होते, पण नारळाची चव साखरेखाली दबते. जाड बुडाच्या कढईत तुपावर खव दोन मिनिटे परतायचा. त्याचा रंग बदलू द्यायचा नाही, फक्त कच्चा वास जायला हवा. मग साखर आणि दूध घालून मध्यम-मंद आचेवर ढवळत राहायचे.

साखर विरघळली की मिश्रण एकदम पातळ होते. पहिल्यांदा करणारा इथे घाबरतो आणि आणखी खव घालतो. त्याची गरज नसते. ओल्या खवात निम्म्याच्या आसपास पाणी असते, त्यात दुधाचे मिळते. या मापात मिळून सुमारे १८० ग्रॅम पाणी आहे आणि त्यातले बहुतेक वाफ होऊन जायचे आहे. पहिली आठ-दहा मिनिटे भरपूर वाफ निघते आणि बुडबुडे बारीक, भराभर येतात. नंतर वाफ कमी होते, बुडबुडे मोठे आणि जड होतात, आवाज ‘फदफद’ असा येऊ लागतो. कालथा बुडातून ओढला तर मागे वाट पडते, पण ती लगेच भरून येते. इथपर्यंत घाई नसते.

यानंतरचे दोन-तीन मिनिटांचे काम लक्षपूर्वक करायचे. कालथ्यामागची वाट आता भरून येत नाही, कढईचे बूड क्षण-दोन क्षण उघडे राहते. मिश्रण पसरायचे सोडून कालथ्याबरोबर एकसंध फिरू लागते. कढईच्या भिंतीवर, जिथे मिश्रण घासून गेले असते तिथे, साखरेचे पांढरट, कोरडे पट्टे दिसतात. यालाच मिश्रणाने कढई सोडली असे म्हणतात. यांपैकी पांढऱ्या पट्ट्यांवर सर्वांत जास्त भरवसा ठेवावा, कारण ते साखर पुन्हा खडा धरू लागल्याचे सांगतात आणि वडी शेवटी त्याच जोरावर उभी राहते.

खात्रीसाठी चिमूटभर मिश्रण ताटलीत घेऊन अर्धा मिनिट निवू द्यावे आणि बोटांत वळावे. गोळी बोटांना न चिकटता वळली आणि दाबल्यावर भुगा झाला नाही, तर वेळ झाली. पाकाच्या भाषेत ही मऊ गोळीची अवस्था, नुसत्या पाकात ती ११२ ते ११६ अंश सेल्सिअसला येते. चाचणी चालू असताना आच बंद किंवा अगदी मंद ठेवायची. गोळी निवेपर्यंत कढईतले मिश्रण पुढे निघून गेलेले असते, ही नेहमीची चूक.

शेवटी इतकी घाई का होते, ते हिशेबाने कळते. मऊ गोळीच्या पाकात १५० ग्रॅम साखरेमागे सुमारे २६ ग्रॅम पाणी उरते, तर कडक गोळीच्या टोकाला १७ ग्रॅमच्या आत. म्हणजे मऊ वडी आणि दाताला लागणारी वडी यांत दोन लहान चमचे पाण्याचा फरक आहे. सुरुवातीला इतके पाणी गेले तर कळतही नाही. शेवटी मात्र ते मिनिटभरात जाते. शिवाय जाड कढई गॅस बंद केल्यावरही उष्णता देत राहते, त्यामुळे पूर्ण गोळा होण्याच्या किंचित आधी उतरवणे बरे. ज्यांच्याकडे वजनकाटा आहे त्यांनी रिकाम्या कढईचे वजन आधी टिपून ठेवावे. वरच्या मापाचे मिश्रण वेळ झाल्यावर साधारण ३१० ते ३३० ग्रॅमच्या दरम्यान असायला हवे. काटा लावून वडी करणे कुणाला हास्यास्पद वाटेल, पण नवख्याला त्याने एकदा अंदाज आला की पुढे काटा लागत नाही.

उतरवल्यावर मिश्रण लगेच ओतू नये. वेलदोड्याची पूड घालून मिनिट-दोन मिनिटे घोटावे. वरची चकाकी जाऊन ते किंचित निस्तेज दिसू लागते, म्हणजे साखरेचे बारीक खडे सगळीकडे एकदम धरू लागले. मग तुपाचा हात लावलेल्या ताटात ओतून वाटीच्या बुडाने थापायचे. कोमट असतानाच सुरीने रेघा पाडायच्या आणि वड्या मात्र पूर्ण निवल्यावर सोडवायच्या. गार झाल्यावर कापायला गेले की कडा तुटतात.

वडी धरली नाही, थापा मऊ आणि चिकट राहिला, तर मिश्रण सरळ पुन्हा कढईत घालून मंद आचेवर दोन-चार मिनिटे परतावे. उलटे झाले, म्हणजे थापतानाच भुगा होऊ लागला, तर तीन-चार चमचे दूध घालून साखर पुन्हा विरघळेपर्यंत गरम करावे आणि खुणा पहिल्यापासून बघाव्यात. दोन्ही चुका सुधारतात. बुडाला लागलेल्या मिश्रणाचा करपट वास मात्र काही केल्या जात नाही. ते खरवडून वरच्या भागात मिसळण्याचा मोह टाळावा.

काही मिश्रणे मुळातच खूण उशिरा किंवा अर्धवट दाखवतात. आंब्याचा रस किंवा लिंबू घातले की आंबटपणामुळे साखरेचा काही भाग फुटतो आणि खडा धरायला अडथळा होतो. गुळात अशी फुटलेली साखर आधीपासूनच असते. या वड्यांत पांढरे पट्टे फारसे दिसत नाहीत आणि वडी मऊच राहते, तेव्हा गोळीच्या चाचणीवरच विसंबावे. बाजारातल्या सुक्या खोबऱ्याच्या बारीक किसात पाणी जवळजवळ नसते. तो कोरडाच घातला तर साखर शिजायच्या आधीच सगळा ओलावा शोषून घेतो, मिश्रण पाच मिनिटांत गोळा झाल्यासारखे दिसते आणि वडी दुसऱ्या दिवशी भुसभुशीत होते. असा कीस आधी अर्धा तास कोमट दुधात भिजवून ठेवावा.

दूध पावडरचा पेढा

इथे साखरेचा पाक होत नाही. २०० ग्रॅम साईच्या दुधाची पावडर १५० मिलि गार किंवा कोमट दुधात गुठळी न राहता कालवून घ्यावी. ते भज्याच्या पिठाइतके दाट होते. पावडर उकळत्या दुधात टाकली तर तिचे गोळे बाहेरून शिजून आत कोरडे राहतात आणि नंतर कितीही घोटले तरी मोडत नाहीत. कढईत दोन मोठे चमचे तूप वितळवून त्यात हे मिश्रण मंद आचेवर सतत हलवायचे.

पावडरमधली प्रथिने पाणी धरून ठेवतात. थोडे पाणी उडताच मिश्रण कढईपेक्षा स्वतःलाच जास्त चिकटू लागते, आणि तुपाचा पातळ थर त्याला कढईपासून सोडवतो. सहा-आठ मिनिटांत कणकेसारखा गोळा होऊन तो कालथ्याभोवती फिरतो. यात फसवणूक दोन ठिकाणी होते. तूप जास्त घातले असेल किंवा कढई नॉनस्टिक असेल तर मिश्रण जवळजवळ सुरुवातीपासून कड सोडते, तरी आतून ओले असते. दुसरे म्हणजे, पूर्ण घट्ट होईपर्यंत थांबले की उशीर होतो, कारण निवताना तूप थिजते आणि गोळा आणखी आवळतो. म्हणून हव्या त्या घट्टपणापेक्षा थोडा सैल असतानाच उतरवावा.

इथली चाचणी अंगठ्याची. लिंबाएवढा गोळा घेऊन निवू द्यावा आणि मध्ये अंगठ्याने दाबावा. खळगा पडून कडा अखंड राहिल्या तर बरोबर. गोळा पसरला तर अजून दोन मिनिटे हवीत, कडांना भेगा पडल्या तर जास्त झाले. भेगा पडणाऱ्या मिश्रणाला चमचा-चमचा कोमट दूध लावून मळले की ते वळणीला येते.

साखर शेवटी घालायची, तीही पिठीसाखर, साधारण ८० ग्रॅम, आणि मिश्रण हाताला सोसेल इतके कोमट झाल्यावर. गरम गोळ्यात घातली की ती विरघळते, गोळा सैल पडतो आणि पुन्हा आटवावा लागतो. त्यात पांढरेपणा जातो, कारण पावडरमध्ये दुधाची साखर भरपूर असते आणि प्रथिनांबरोबर तापून ती लवकर पिवळी पडते. तुपाच्या हाताने पाच मिनिटे मळून, वेलदोडा-जायफळ घालून पेढे वळावेत. सायविरहित दुधाची पावडर वापरली तर स्निग्धांश नसल्याने गोळा चिवट, रबरासारखा होतो. अशा वेळी तूप दुप्पट घेतले तरी तो मऊपणा पुरता येत नाही.

ओल्या नारळाची वडी दमट हवेत दोन-तीन दिवसांपलीकडे बाहेर ठेवू नये, फ्रिजमध्ये आठवडाभर राहते. पेढेही फ्रिजमध्येच ठेवावेत. खाण्याआधी अर्धा तास बाहेर काढले की थिजलेले तूप सुटून ते पुन्हा मऊ होतात.