फॉर्म १९ भरण्याआधी एकदा पासबुक दाखवा

नोकरी बदललेले ग्राहक आमच्याकडे येतात ते बहुधा “पीएफ काढून द्या” म्हणतच. आम्ही लगेच फॉर्म भरत नाही, आधी पीएफचं पासबुक मागतो. यावर काहीजण वैतागतात. म्हणून कारण इथे सांगतो.

नव्या कंपनीत पीएफ कापला जात असेल, तर जुनी रक्कम पूर्ण काढण्याचा हक्कच नसतो. ती ट्रान्सफर करायची असते. काढण्याचा प्रश्न येतो तो मध्ये काही महिने घरी बसलेल्यांचा.

आमचे एक ग्राहक रबाळ्याच्या कंपनीत ३ वर्षं ४ महिने होते. पीएफ जमा १,८०,००० रुपये. नोकरी सुटल्यावर त्यांनी मोबाईलवरून स्वतःच पीएफची पूर्ण रक्कम काढायचा फॉर्म १९ आणि पेन्शनचे पैसे काढायचा १०सी, दोन्ही भरले. नोकरी पाच वर्षांच्या आतली आणि रक्कम ५०,००० च्या वर, त्यामुळे पॅन जोडलेला असूनही १० टक्के, म्हणजे १८,००० रुपये टीडीएस कापला गेला. रिटर्न भरताना स्लॅबप्रमाणे कराचा हिशेब झाला तो वेगळाच. पुढे महापेला नोकरी लागली. रक्कम तशीच ठेवून तिथे ट्रान्सफर केली असती, तर जुनी सेवा धरून आणखी १ वर्ष ८ महिन्यांत पाच वर्षं भरली असती आणि नंतर काढली तरी कर लागला नसता.

पण खरं नुकसान १०सी ने केलं. पेन्शनला किमान दहा वर्षं सेवा लागते. १०सी ने पैसे उचलले की तेवढी वर्षं पुसली जातात. आता त्यांची मोजणी महापेपासून, शून्यातून. पैसे खात्यात आल्यावर हे आम्हालाही उलटवता येत नाही.

“यूएएन एकच आहे, मग ट्रान्सफर आपोआप होत नाही का?” कधी होतं, कधी नाही. यूएएन एक असला तरी प्रत्येक कंपनीचा मेंबर आयडी वेगळा आणि पासबुकही वेगळं. जुन्या पासबुकात शिल्लक दिसत असेल, तर ट्रान्सफर झालेलं नाही. जुन्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख टाकलेली नसेल तर अर्ज तिथेच अडतो. घाई मात्र नको, जुन्या खात्यावर व्याज चालू असतं.

ट्रान्सफरनंतर नव्या पासबुकात पेन्शनच्या रकान्यात शून्य दिसलं की लोक धावत येतात. पेन्शनचे पैसे तिथे येतच नाहीत, फक्त सेवेची नोंद पुढे जाते. घाबरू नका.

आजारपण, लग्न, घर अशी गरज असेल तर ट्रान्सफर करून फॉर्म ३१ ने ॲडव्हान्स घेता येतो. नोंद शाबूत राहते.

पासबुक पाहण्याचे आम्ही पैसे घेत नाही. फी फक्त अर्ज भरला तर. येताना आधारशी जोडलेला मोबाईल आणा. ओटीपी त्यावरच येतो, आणि निम्मे ग्राहक तो घरी ठेवून येतात.