चरबीची गाठ की सिस्ट? पिळण्याआधी कातडी हलवून बघा

पाठीवर किंवा मानेवर मऊ गोळा आला की चोपड्यापासून साक्रीपर्यंत एकच निदान ऐकू येतं : चरबीची गाठ. मग कुणी ती पिळतं, कुणी बिब्बा लावून कातडी भाजून घेतं. लायपोमा ही खरी चरबीची गाठ, आणि ती बहुतेकांना माहीत असते. मऊ असते, सहसा दुखत नाही, वर्षानुवर्षं तशीच राहते. घोळ होतो तो सिबेशियस सिस्टमुळे, कारण तिच्यात चरबी नसतेच.

सिस्ट म्हणजे कातडीतच तयार झालेली पिशवी. तिच्या अस्तरातून मृत पेशींचा पांढरट, घाण वासाचा लगदा सुटत राहतो आणि आत साचतो. ओळखायची असेल तर गाठीवरची कातडी बोटाने सरकवा. कातडी मोकळी सरकली आणि गाठ बोटाखालून निसटली, तर बहुधा लायपोमा. कातडी गाठीला चिकटलेली असेल आणि मधोमध बारीक काळा ठिपका दिसला, तर सिस्ट. डोक्यावरच्या सिस्टला हा ठिपका बहुतेकदा दिसत नाही, म्हणून नुसत्या ठिपक्यावर जाऊ नका.

पिळण्याचा मला मनापासून राग येतो. समजा, खांद्यावर केळीचे घड वाहणाऱ्या एका भाऊंच्या मानेखाली अशी सिस्ट आहे. घासून ती लाल झाली. घरच्यांनी पिळली, लगदा निघाला, गाठ बसली. ‘फुटनी, आते बरं व्हई जाई,’ असं सगळ्यांनाच वाटलं. पण पिशवी आतच होती, त्यामुळे काही महिन्यांत गाठ पुन्हा भरली. शिवाय पिळताना पिशवी आतल्या आत फुटली, तर लगदा मांसात पसरतो, सूज आणि ठणका वाढतो. अशा वेळी पू झाला असेल तर डॉक्टर आधी छोटा छेद देऊन तो काढतात. पिशवी त्याच दिवशी काढायचा हट्ट धरू नये, कारण सुजलेल्या भागात तिचं अस्तर फाटतं आणि तुकडा मागे राहतो. साधारण चार ते सहा आठवड्यांनी सूज पूर्ण उतरली की ठिपक्यासकट अख्खी पिशवी काढतात. तेवढा भाग बधिर करून हे काम होतं, बहुधा त्याच दिवशी घरी जाता येतं.

म्हणून वारंवार सुजणारी किंवा ओझ्याखाली, कॉलरखाली घासणारी सिस्ट शांत असतानाच काढून घ्यावी, असं माझं ठाम मत आहे. कधीच त्रास न देणारी राहू दिली तरी चालते.

लायपोमा नुसता आहे म्हणून काढायची गरज नाही. दुखत असेल, हालचालीला अडत असेल किंवा दिसायला नको वाटत असेल तर काढावा. पण गाठ पाच सेंटीमीटरहून मोठी असेल, भराभर वाढत असेल, कडक लागत असेल किंवा खोल स्नायूला धरून जागची हलत नसेल, तर तिला लायपोमा म्हणून सोडून देऊ नका. आधी सोनोग्राफी, गरज पडली तर एमआरआय आणि सुईने तुकडा काढून तपासणी, मगच ऑपरेशन. क्वचित त्यात कॅन्सर निघतो, आणि तपासणीशिवाय घाईने कापलेली अशी गाठ पुढचं ऑपरेशन अवघड करून ठेवते.